ज्यो पिपला ‘तू’ म्हणेल की ‘तुम्ही’?

लंडनमधल्या बार्नर्ड्स इन या कळकट इमारतीत सकाळी नऊच्या सुमाराला एक खेडूत लोहार जिना चढून वर येतो. अंगावर ठेवणीतले कपडे, पायांत जड बूट, हातात हॅट. ज्याला भेटायला तो आला आहे, त्या पोराला त्याने भट्टीपाशी लहानाचं मोठं केलं आहे. आता तो पोरगा कुणा अज्ञात माणसाच्या पैशावर लंडनमध्ये ‘जंटलमन’ होऊ पाहतो आहे आणि ही भेट त्याला नको आहे. पैसे देऊन ती टाळता आली असती तर आपण पैसे दिले असते, अशी कबुली तो स्वतःच देतो.

चार्ल्स डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ या कादंबरीचं हे सत्ताविसावं प्रकरण. डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१ या काळात ती ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकातून क्रमशः छापली गेली. तो पोरगा म्हणजे कादंबरीचा नायक आणि निवेदक पिप, आणि लोहार म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा, ज्यो गार्गरी. (मराठीत ‘जो’ लिहिलं की ‘जो म्हणाला’, ‘जो आला’ अशा वाक्यांत वाचक ‘तो कोण?’ म्हणून अडखळतो. म्हणून इथे ‘ज्यो’.)

इंग्रजी संवाद मराठीत आणणाऱ्याची परीक्षा पाहणारं याहून चांगलं प्रकरण सापडणं कठीण. कारण या भेटीतलं सगळं दुःख कोण कुणाला काय म्हणून हाक मारतो यात भरलेलं आहे. आणि इंग्रजीकडे त्यासाठी सर्वनाम मात्र एकच आहे. एके काळी तिथेही एकेरी ‘दाऊ’ होतं. डिकन्सच्या काळापर्यंत ते प्रार्थनेत, कवितेत, क्वेकर पंथीयांच्या बोलण्यात आणि काही प्रांतांच्या बोलींत उरलं होतं. लंडनच्या रोजच्या बोलण्यात राजापासून मोलकरणीपर्यंत सगळ्यांना ‘यू’च. त्यामुळे जवळीक किंवा अंतर दाखवायला इंग्रज लेखक नाव, आडनाव, ‘मिस्टर’, ‘सर’ अशा बाहेरून चिकटवायच्या शब्दांवर भिस्त ठेवतो. ज्यो कधी ‘पिप’ म्हणतो, कधी ‘सर’ म्हणतो, आणि मधल्या कित्येक वाक्यांत यांपैकी काहीच म्हणत नाही. त्या वाक्यांत तो पिपला नेमका कुठे उभा करतो, हे इंग्रजी वाचकाला कळत नाही आणि कळण्याची गरजही पडत नाही.

मराठीत ही मोकळीक नाही. सर्वनाम गाळलं तरी क्रियापद बोलतंच. ‘कुठे होतास?’ आणि ‘कुठे होतात?’ या दोन प्रश्नांत एका अक्षराचा फरक आहे, पण त्या अक्षरात नातं ठरून जातं. ‘गेलास-गेलात’, ‘येशील-याल’, ‘बस-बसा’, ‘तुझं-तुमचं’, ‘अरे-अहो’: वाक्यागणिक उत्तर द्यावं लागतं. डिकन्सने पानभर संवादात तीन-चार ठिकाणी ‘सर’ पेरलं असेल, तर मराठी अनुवादकाला त्याच पानावर वीस-पंचवीस वेळा निर्णय घ्यावा लागतो. इंग्रजीत जे न बोलता राहतं ते मराठीत बोलावंच लागतं, आणि काय बोलायचं ते मूळ पुस्तकात शोधावं लागतं.

शोध मागच्या प्रकरणांपासून सुरू होतो. पहिला प्रश्न पिपचा: तो ज्योला काय म्हणेल? मराठी घराची सवय लगेच उत्तर देते. थोरल्या बहिणीचा नवरा म्हणजे भावोजी किंवा दाजी, म्हणजे ‘तुम्ही’. शिवाय पिपच्या बहिणीचं आणि पिपचं वय वीस वर्षांहून जास्त अंतराचं, म्हणजे ज्यो जवळजवळ बापाच्या ठिकाणी. शिवाय पुढे पिप त्याच्याच हाताखाली रीतसर उमेदवारीला लागतो. तिन्ही नाती आदरार्थी बोला असंच सांगतात.

कादंबरी मात्र वेगळंच सांगते. दुसऱ्याच प्रकरणात पिप म्हणतो की आपण ज्योला नेहमी एक मोठ्या आकाराचं मूलच समजत आलो, आपल्या बरोबरीचं. घरात बहिणीचा धाक दोघांवर सारखाच, मारही दोघांच्या वाट्याला येणारा. सातव्या प्रकरणात ज्यो आपल्या दारुड्या बापाची आणि फुटक्या बालपणाची हकीकत सांगतो, तेव्हा पिपला त्याच्याविषयी मनातून आदर वाटू लागतो. पण तिथेही डिकन्स काळजीपूर्वक नोंदवतो की त्यानंतरही दोघं पहिल्यासारखे बरोबरीचेच राहिले. वर पाहणं फक्त मनातल्या मनात. हा दाखला मिळाल्यावर शंका उरत नाही. पिप ज्योला ‘तू’च म्हणेल. मराठी मूल आईला ‘तू’ म्हणतं, दादाला ‘तू’ म्हणतं, त्यातलं हे ‘तू’. नात्याचं नाव भावोजी असलं तरी नात्याची जात ती नाही. निवेदनातही मग ‘ज्यो आला’, ‘ज्यो म्हणाला’ असंच लिहिणं बरं. संवादात ‘तू’ आणि निवेदनात ‘ज्यो आले’ असं झालं तर एकाच माणसाचे दोन चेहरे होतात.

ज्योच्या तोंडी लहान पिपसाठी ‘तू’ येणार हे तर सरळच आहे. म्हणजे गावाकडे, भट्टीपाशी, दोघांचं ‘तू-तू’. सत्ताविसाव्या प्रकरणापर्यंत मराठी वाचकाच्या कानात हा आवाज पक्का बसलेला असायला हवा, कारण पुढे मोडायचं ते हेच.

मोड एका पत्राने सुरू होते. ज्यो लंडनला येणार असल्याचं पत्र बिडी लिहिते. ही पिपच्या गावातली त्याच्या बरोबरीची मुलगी, जिच्याकडून तो अक्षरं शिकला. पण पत्राचा मायना ‘प्रिय मिस्टर पिप’ असा आहे आणि ज्योचा उल्लेखही ‘मिस्टर गार्गरी’ असा आहे. इथे ‘तुम्ही’ घालताना अनुवादकाने कचरू नये. बिडीने बाळपणीच्या सोबत्याला ‘तुम्हाला’ लिहिणं मराठी वाचकाला खटकेल, आणि ते खटकायलाच हवं. गावाने पिपला आपल्यातून वजा केल्याची ती पहिली खूण आहे. पुढे पस्तिसाव्या प्रकरणात बिडी त्याला तोंडावर ‘मिस्टर पिप’ म्हणते, तेव्हा त्याला स्वतःलाच ते खुपतं.

आता प्रत्यक्ष भेट. दारात येताच ज्यो हॅट जमिनीवर ठेवून पिपचे दोन्ही हात धरतो आणि पंपाचा दांडा हलवावा तसे वरखाली हलवत राहतो. तोंडात ‘पिप’, चेहऱ्यावर निखळ आनंद. इथे ‘तू’ शिवाय दुसरं काही येऊच शकत नाही: ‘कसा आहेस?’, ‘केवढा झालास!’ हे उद्गार आदरार्थी केले तर अंगातला आनंदच विझतो. मग पिप हॅट ठेवून घेण्यासाठी हात पुढे करतो, पण ज्यो ती घरट्यात अंडी असावीत तशी दोन्ही हातांनी सांभाळून धरतो. तो खोली पाहतो, पिपचा फुलाफुलांचा झगा पाहतो, आणि हळूहळू अवघडतो. गावचा कारकून मिस्टर वॉप्सल लंडनला नट व्हायला आला आहे, त्याच्या नाटकाची गोष्ट सांगता सांगता ज्योच्या तोंडून पहिलं ‘सर’ निसटतं.

हे पहिलं ‘सर’ आणि पहिलं ‘पिप’ यांच्यामध्ये बरीच वाक्यं आहेत. त्यांचं काय करायचं? दारातल्या ‘तू’वरून थेट ‘तुम्ही’वर उडी मारली तर ज्यो ठरवून परका झाला असं वाटतं, आणि ठरवून काही करणारा तो माणूस नाही. इथे मराठी भाषेजवळ एक अस्सल सोय आहे, आणि ती आपण सगळे रोज वापरतो. बरोबर शिकलेला मित्र मोठा अधिकारी होऊन वीस वर्षांनी एखाद्या लग्नात भेटतो, तेव्हा माणूस काय विचारतो? ‘कधी येणं झालं?’ ‘सध्या मुक्काम कुठे?’ ‘तब्येत बरी ना?’ ‘जेवण झालं का?’ या एकाही वाक्यात ‘तू’ नाही आणि ‘तुम्ही’ही नाही. क्रियापद कृतीशी किंवा वस्तूशी जुळवून घेतलं की माणसाशी जुळवण्याचं टळतं. समोरचा कोणती पायरी दाखवतो ते पाहण्यासाठी घेतलेली ही सवड असते.

ज्योच्या त्या मधल्या वाक्यांना हीच वाट द्यावी. ‘इथे राहणं होतं होय?’, ‘हवा मानवते ना इथली?’ अशी. मराठी वाचकाला ते सांगावं लागत नाही. दारातलं ‘आहेस’ आणि नंतरचं ‘मानवते ना’ यांतला फरक त्याच्या कानाला आपोआप लागतो. ही अनुवादकाची पदरची भर आहे असंही कुणी म्हणू नये, कारण टाळाटाळ हा ज्योचा स्वभावच आहे आणि तो डिकन्सनेच दाखवला आहे. तेराव्या प्रकरणात श्रीमंत आणि विक्षिप्त मिस हॅविशॅम ज्योला प्रश्न विचारते, आणि ज्यो तिच्याशी एक शब्द न बोलता प्रत्येक उत्तर पिपकडे तोंड करून देतो. पिप लाजेने अर्धमेला होतो. तिथे अनुवादकाच्या हातून एक घात सहज होतो: उत्तर मिस हॅविशॅमच्या प्रश्नाला आहे म्हणून क्रियापद आदरार्थी केलं जातं. पण तो बोलतो आहे पिपशी. उत्तरात ‘तुला माहीत आहे’, ‘तूच सांग’ असंच यायला हवं. एक ‘तुम्हाला’ आलं की सगळा प्रसंग हातचा जातो.

बार्नर्ड्स इनमध्ये पुढे हर्बर्ट पॉकेट आत येतो. हा पिपचा सोबती. त्यांची सुरुवात ‘मिस्टर पिप’, ‘मिस्टर पॉकेट’ अशी झाली होती. बाविसाव्या प्रकरणात हर्बर्ट आपल्याला पहिल्या नावाने हाक मारायची विनंती करतो आणि पिपला हँडेल हे लाडकं नाव देतो. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर यायला डिकन्सने तिथे दारच उघडून ठेवलं आहे, अनुवादकाने त्यातून आत जायचं. ज्योशी मात्र हर्बर्ट अदबीने ‘तुम्ही’ बोलेल, आणि ज्यो त्याला.

याच ठिकाणी प्रकरणातलं सर्वांत बारीक वळण आहे. ज्यो हर्बर्टला अभिवादन करतो आणि ‘तुम्ही आणि पिप’ अशा अर्थाचं काहीतरी बोलू लागतो. तेवढ्यात त्याची नजर टोस्ट ठेवणाऱ्या नोकर पोऱ्याकडे जाते, आणि ज्यो त्यालाही घरातलाच समजून मोजणीत घेणार असं दिसतं. पिप कपाळाला आठ्या घालतो. ज्यो गोंधळतो आणि वाक्य दुरुस्त करतो: ‘म्हणजे, तुम्ही दोघं साहेब’. एका आठीने ‘पिप’चा ‘साहेब’ झाला. मराठीत या क्षणी एक अडचण आणि एक आधार आहे. अडचण अशी की आदर वाढवायचा म्हणून कुणी ‘आपण’ वापरायला गेलं तर ‘आपण दोघं’ याचा अर्थ ‘मी आणि तू’ असा होऊन बसतो, म्हणजे नेमका उलटा. आधार असा की ‘तुम्ही’ हे अनेकवचनही आहे. दोघांना मिळून ‘तुम्ही’ म्हणताना ज्योने पिपला अजून थेट आदरार्थी केलेलं नसतं. अनेकवचनाच्या आडोशाने तो तिथवर पोचतो. वाक्य तसंच ठेवावं, फोडू नये.

‘सर’ला मराठी शब्द कोणता, यावर फार घोळत बसायला नको. आज ‘सर’ म्हटलं की शाळा किंवा ऑफिस आठवतं. ‘मालक’ म्हटलं तर ज्यो पिपच्या पगारावर आहे असं होतं. ‘साहेब’ बरा, खेड्यातल्या कारागिराच्या तोंडी तो शोभतो आणि त्यातलं अंतरही ऐकू येतं. खरी गोष्ट त्या शब्दापेक्षा भोवतालच्या क्रियापदांत आहे. ‘साहेब, तू बस’ असं चालत नाही. ‘साहेब’ आला की ‘तुम्ही’ आलंच.

हर्बर्ट कामाला निघून जातो. आता दोघंच उरतात आणि वाचकाला वाटतं की जुना ज्यो परत येईल. येत नाही. आता आपण दोघंच आहोत, असं म्हणतानाच तो ‘सर’ लावतो. पिप चिडून विचारतो की मला साहेब काय म्हणतोस. ज्यो क्षणभर त्याच्याकडे पाहतो, आणि त्या नजरेत ठपक्याची पुसट छटा असते.

मराठीत हा प्रश्न इंग्रजीपेक्षा जास्त लागतो, आणि ते का हे नीट पाहण्यासारखं आहे. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन या अमेरिकी अभ्यासकांनी १९६० मध्ये युरोपीय भाषांतल्या अशा सर्वनामांवर लिहिलेला निबंध प्रसिद्ध आहे. त्यांचा मुख्य मुद्दा असा, की एकेरी सर्वनामाचा अर्थ एकट्याने ठरत नाही, समोरून काय येतं त्यावर ठरतो. दोघांकडून एकेरी आलं तर जवळीक. एकाकडून एकेरी आणि दुसऱ्याकडून आदरार्थी आलं तर सत्ता. मराठी वाचकाला हे निबंध न वाचताही ठाऊक आहे. जुन्या घरांत नवरा बायकोला ‘तू’ म्हणायचा आणि बायको नवऱ्याला ‘तुम्ही’. शेटजी गड्याला ‘तू’, गडी शेटजींना ‘तुम्ही’.

पिपचं ‘तू’ बदललेलं नाही. भट्टीपाशी होतं तेच ते बरोबरीचं, मायेचं ‘तू’ आहे. पण ज्यो ‘तुम्ही’ म्हणू लागताच त्याच ‘तू’ला मालकाने नोकराशी बोलण्याचा वास येतो. ‘मला साहेब काय म्हणतोस?’ या वाक्यातलं ‘म्हणतोस’च पिपला साहेब करून टाकतं. हे टाळण्यासाठी पिपच्या तोंडी ‘तुम्ही’ घालून तोल सावरावा, असा मोह होऊ शकतो. तो टाळावा. तसं केलं तर दोन सभ्य परके गृहस्थ बोलत बसल्यासारखं होईल आणि वाचकाला काहीच टोचणार नाही. पिप स्वतः पुढे म्हणतो की यात चूक सगळी आपली होती. आपण ज्योशी मोकळे वागलो असतो तर तोही आपल्याशी मोकळा वागला असता. ते एकतर्फी ‘तू’ ही त्याच्या चुकीची पानावर उमटलेली खूण आहे.

यानंतर ज्यो निरोप सांगायला लागतो: मिस हॅविशॅमकडची एस्टेला परत आली आहे आणि तिला पिपला भेटायला आवडेल. एवढ्या निरोपासाठी तो लंडनला आलेला. हे सांगताना तो कधी ‘सर’ म्हणतो, कधी ‘पिप’. आणि इथे डिकन्स अनुवादकाच्या हातात जणू नियमच लिहून देतो. निवेदक सांगतो की माया दाटून आली की ज्यो आपल्याला पिप म्हणायचा आणि अदब आठवली की साहेब. म्हणजे हेलकावा हा लेखकाचा निष्काळजीपणा नाही, ती रचना आहे. मराठीत ‘पिप’ असलेल्या वाक्याचं क्रियापद एकेरी आणि ‘साहेब’ असलेल्या वाक्याचं आदरार्थी, असं इमानाने करत जावं. एका ठिकाणी तर ज्यो निरोप संपल्याचं ‘सर’ लावून सांगतो आणि त्याच दमात ‘पिप’ म्हणून त्याच्या भरभराटीची इच्छा करतो. तिथे एकाच परिच्छेदात ‘तुम्ही’चा ‘तू’ होईल. होऊ द्यावा.

ज्योला हे बदल जमत नाहीत, आणि त्याच्या न जमण्याला किंमत आहे. ती कळावी म्हणून एकोणिसाव्या प्रकरणातला शिंपी ट्रॅब आठवून पाहावा. पिप त्याच्या दुकानात जातो तेव्हा ट्रॅब नाश्त्यावर बसलेला असतो. उठायचीही तसदी घेत नाही, पोराला आतच बोलावतो. पिप सांगतो की आपल्याला मोठी मालमत्ता मिळणार आहे, रोख पैसे देऊन कपडे शिवायचे आहेत. ट्रॅब लोणी लावायचं विसरतो, उठतो, टेबलाच्या कापडाला बोटं पुसतो, आणि त्यापुढे पिप त्याचा ‘माय डिअर सर’ होतो. मराठीत तिथे सांधा एकच आणि स्वच्छ असायला हवा: मालमत्तेचा शब्द ऐकण्याआधी ‘तू’, नंतर कायम ‘तुम्ही’, एकदाही मागे फिरणं नाही. ट्रॅब सराईत आहे. ज्यो दहा वेळा अडखळतो, कारण त्याला अदब हवी आहे आणि माया सोडवत नाही.

सत्ताविसाव्या प्रकरणाचा शेवट अनुवादकाने आधी करावा आणि मग मागे यावं, इतका तो निर्णायक आहे. ज्यो निघतो. जेवायला परत येशील ना, असं पिप विचारतो. ज्यो नाही म्हणतो. दोघांची नजर भेटते आणि ज्योच्या मनातलं सगळं ‘सर’ वितळून जातं, असं डिकन्स लिहितो. मग तो पिपचा हात हातात घेऊन बोलतो: आपल्या कपड्यांत आपण चुकल्यासारखे दिसतो, भट्टीपाशी, स्वयंपाकघरात, दलदलीच्या रानात आपण बरोबर असतो. या पूर्ण भाषणात एकही ‘तुम्ही’ येता कामा नये, चुकूनसुद्धा. एक ‘आलात’ किंवा ‘बघाल’ राहिलं की वितळलेलं पुन्हा गोठतं.

आणि ते राहतं. अनुवादकांना आणि मुद्रितशोधकांना हा अनुभव नवा नाही. सर्वनाम बदललं जातं, क्रियापद जुनंच उरतं, आणि ‘तुम्ही आलास’ अशी वाक्यं छापून येतात. कधी पहिल्या खर्ड्यात सगळीकडे ‘तुम्ही’ असतं, दुसऱ्यात काही ठिकाणी ‘तू’ केलं जातं, आणि ‘-लंत’ शेपटीची क्रियापदं तशीच लोंबत राहतात. यावर जुना, साधा उपाय असा: प्रकरण झाल्यावर निवेदन सोडून फक्त एका जोडीचे संवाद मोठ्याने वाचायचे. आधी ज्यो ते पिप, मग पिप ते ज्यो, मग हर्बर्टचे. डोळा चुकतो तिथे कान अडतो. दुसरं म्हणजे एका कागदावर जोड्यांची नोंद ठेवायची: कोण कुणाला, कोणत्या प्रकरणात, काय म्हणतो आणि का. ‘का’च्या पुढे मूळ पानातला दाखला लिहायचा, आपली समजूत नव्हे. तिसरं, हेलकावा मुद्दाम ठेवला असेल तर संपादकाला तसं लिहून कळवायचं. नाहीतर एखादा कर्तव्यदक्ष मुद्रितशोधक ज्योच्या संवादांतला ‘घोळ’ निस्तरून सगळीकडे ‘तुम्ही’ करून ठेवतो आणि प्रकरण एका रात्रीत निर्जीव होतं. ज्योच्या बोलीवरही याच वेळी एक नजर टाकावी. त्याचं इंग्रजी खेडवळ आहे, म्हणून मराठीतही थोडी गावाकडची लय आणायला हरकत नाही. पण ‘तुमी’ लिहा किंवा ‘तुम्ही’ लिहा, एकेरी-आदरार्थी हिशेब तोच राहतो. खेडूत माणूस सगळ्यांना ‘अरे-तुरे’ करतो हा शहरी गैरसमज ज्योवर लादला, तर त्याची अदबच नाहीशी होते, आणि त्याची अदब हाच तर या प्रकरणाचा विषय आहे.

जोड्यांचा तो कागद जपून ठेवायचा, कारण त्याची गरज तीस प्रकरणांनी पुन्हा पडते. सत्तावन्नाव्या प्रकरणात पिपचं दैव फिरलेलं आहे, तो कर्जात बुडून तापाने फणफणतो आहे, आणि उशाशी ज्यो बसलेला आहे. पिप अगदी दुबळा असेपर्यंत ज्यो जुन्याच सुरात, जुन्याच नावांनी बोलतो, म्हणजे मराठीत अखंड ‘तू’. पिपला ताकद येऊ लागते तसा ज्यो पुन्हा अवघडत जातो. एके दिवशी पिप त्याला आपण किती नीट चालतो ते दाखवतो, आणि ज्यो एकाच वाक्यात आधी ‘पिप’ म्हणतो आणि शेवटी ‘सर’. तो शेवटचा शब्द पिपला झोंबतो. त्यानंतर लवकरच ज्यो पिपचं कर्ज परस्पर फेडून, चिठ्ठी ठेवून, न सांगता निघून जातो. चिठ्ठीत ‘प्रिय पिप’ असं आहे, ‘सर’ नाही. ज्या अनुवादात सत्ताविसाव्या प्रकरणातल्या ज्योने सरसकट ‘तुम्ही’ म्हटलं असेल, त्यातल्या वाचकाला सत्तावन्नाव्यातलं ते एक ‘साहेब’ ऐकूच येणार नाही.